मोमेंट-एरिया पद्धत आणि मिडस्पॅनचे डिफ्लेक्शन : पार्श्वभूमी

तुळईचा बाक आणि तिच्यातला बेंडिंग मोमेंट यांचे नाते अठराव्या शतकातच मांडले गेले होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचे दोनदा समाकलन करून डिफ्लेक्शन काढण्याची रीत रूढ झाली. लोड बदलला की समीकरण तुटते आणि प्रत्येक तुकड्याचे दोन स्थिरांक नव्याने शोधावे लागतात, ही त्या रीतीची अडचण होती. पुलाच्या गर्डरवर अनेक चाकांचे लोड धरले की ती पुरती जाचक होई.

१८६८ मध्ये एका जर्मन अभियंत्याने दाखवले की M/EI चा, म्हणजे बेंडिंग मोमेंट भागिले तुळईचा ताठपणा याचा, आलेख हाच काल्पनिक लोड मानला, तर त्यातून तुळईची वाकलेली रेषा मिळते. १८७३ च्या सुमारास अमेरिकेतील एका प्राध्यापकाने तीच गोष्ट क्षेत्रफळाच्या भाषेत मांडली; हीच मोमेंट-एरिया पद्धत. दोन बिंदूंमधल्या M/EI आलेखाचे क्षेत्रफळ म्हणजे तिथल्या उतारांतला फरक. त्याच क्षेत्रफळाचा एका बिंदूभोवतीचा मोमेंट म्हणजे दुसऱ्या बिंदूवरच्या स्पर्शरेषेपासून त्या बिंदूचे उभे अंतर.

घोळ होतो तो या शेवटच्या वाक्यात. दुसरा सिद्धांत अंतर देतो ते स्पर्शरेषेपासूनचे, तुळईच्या मूळ आडव्या रेषेपासूनचे नव्हे. लोड P हा L स्पॅनच्या मधोमध असेल तर मिडस्पॅनची स्पर्शरेषा आडवी असते, म्हणून टोकाचे तिच्यापासूनचे अंतर म्हणजेच मिडस्पॅनचे डिफ्लेक्शन. अर्ध्या आलेखाचे क्षेत्रफळ PL²/16EI, आधारापासून त्याचा गुरुत्वमध्य L/3 वर, म्हणून उत्तर PL³/48EI. हे उदाहरण बहुतेकदा पहिलेच शिकवले जाते, आणि माझ्या मते तिथेच चुकीची सवय लागते.

लोड बाजूला सरकवून पाहा. ६ मीटर स्पॅन, डाव्या आधारापासून २ मीटरवर ३० किलोन्यूटन. प्रतिक्रिया डावीकडे २० आणि उजवीकडे १०, लोडखाली मोमेंट ४०, मिडस्पॅनला ३० किलोन्यूटन-मीटर. आता मधली स्पर्शरेषा आडवी समजून उजव्या अर्ध्या आलेखाचा उजव्या आधाराभोवती मोमेंट घेतला, तर ४५ × २ म्हणजे 90/EI येते. डावीकडून तेच केले तर 140/EI. एकाच बिंदूची दोन डिफ्लेक्शन असू शकत नाहीत, म्हणजे ती स्पर्शरेषा तिरकी आहे.

बरोबर वाट उजव्या आधारावरच्या स्पर्शरेषेवरून जाते. पूर्ण आलेखाचे क्षेत्रफळ १२०, डाव्या आधारापासून त्याचा गुरुत्वमध्य ८/३ मीटरवर, म्हणून डाव्या टोकाचे त्या स्पर्शरेषेपासूनचे अंतर 320/EI. ती रेषा सरळ आहे आणि उजव्या आधारातून निघते, त्यामुळे मिडस्पॅनला मूळ रेषेपासून तिची खोली बरोबर निम्मी, 160/EI. उजव्या अर्ध्या त्रिकोणाचा मिडस्पॅनभोवती मोमेंट ४५ × १ म्हणजे 45/EI. तेवढी तुळई या स्पर्शरेषेपासून वर राहते. उरते 115/EI. EI २०,००० किलोन्यूटन-मीटर² धरला तर ५.७५ मिलीमीटर. मघाच्या ९० आणि १४० ची सरासरीही ११५ च. मिडस्पॅनपासून दोन्ही टोके सारख्या अंतरावर असल्याने तिथल्या स्पर्शरेषेचा तिरकेपणा सरासरीत कटून जातो. पडताळणीसाठी ही रीत फार उपयोगी आहे.

डावी स्पर्शरेषा घेतली तरी २०० − ८५ म्हणजे तेच उत्तर येते, पण ८५ काढताना आलेखाचे तीन तुकडे करावे लागतात. लोड ज्या अर्ध्यात नाही, त्या बाजूच्या आधारावरची स्पर्शरेषा घ्यावी.

१९२० च्या दशकात काल्पनिक लोडची कल्पना संयुग्मी तुळईच्या, म्हणजे तो लोड वाहणाऱ्या काल्पनिक तुळईच्या, रूपात नीट बांधली गेली. साध्या आधाराच्या तुळईची संयुग्मी तुळई साध्या आधाराचीच असते. तिची उजवी प्रतिक्रिया ३२०/६ म्हणजे ५३.३३, आणि मिडस्पॅनचा मोमेंट ५३.३३ × ३ − ४५ म्हणजे पुन्हा ११५. आकडेमोड तीच, फक्त स्पर्शरेषा काढावी लागत नाही. त्यामुळे ती सोपी म्हणून शिकवली जाऊ लागली. सोपी आहे खरी; पण स्पर्शरेषा न काढल्याने तुळई कशी वाकली हे डोळ्यांसमोर उभे राहत नाही, आणि मला हा तोटा मोठा वाटतो.

मिडस्पॅनचे डिफ्लेक्शन सर्वांत मोठे असेलच असे नाही. इथे उतार शून्य होतो डाव्या आधारापासून २.७३ मीटरवर, आणि तिथे 116.1/EI येते, फरक सुमारे एक टक्का. एकच पॉइंट लोड स्पॅनवर कुठेही असला तरी हा फरक तीन टक्क्यांच्या आत राहतो, म्हणून साध्या आधाराच्या तुळईसाठी मिडस्पॅनचा आकडा पुरतो. तुळई आधाराबाहेर गेलेली असेल तर हा भरवसा ठेवता येत नाही.

पुढे संगणकाच्या मॅट्रिक्स रीतींनी हातची आकडेमोड मागे टाकली. तडे गेलेल्या काँक्रीटमध्ये EI स्पॅनभर सारखा राहत नाही, आणि आखूड, उंच तुळईत शिअरचा वाटाही मोजावा लागतो. यांतली पहिली अडचण मोमेंट-एरिया पद्धत पेलते, कारण आलेख मुळातच M/EI चा आहे आणि EI बदलला तर त्याची उंची तिथे बदलायची. शिअर मात्र तिच्या कक्षेबाहेरचा. त्याचे डिफ्लेक्शन वेगळे काढून मिळवावे लागते.