पंचगंगेपलीकडचं रान: ग्रामीण की शहरी?

कोल्हापूरलगतचं ऊसाचं रान विकलं की पहिला प्रश्न येतो, यावर भांडवली नफ्याचा कर बसतो का? ‘शेती आहे, कर कसला?’ हे उत्तर 1970 पर्यंत बरोबर होतं. तोवर भारतातली कुठलीही शेतजमीन आयकर कायद्यात भांडवली मालमत्ता धरली जात नव्हती.

1970 च्या वित्त कायद्याने ते बदललं. दहा हजार किंवा जास्त लोकसंख्येच्या नगरपालिकेच्या हद्दीतली शेती भांडवली मालमत्तेत आली. हद्दीबाहेर केंद्र सरकार अधिसूचनेने ठरवेल तेवढा पट्टाही आला, पण जास्तीत जास्त आठ किलोमीटर. 1981 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मनुभाई शेठ प्रकरणात सांगितलं की अशा विक्रीचा नफाही शेती उत्पन्नच, म्हणजे करमुक्त. सरकारने 1989 मध्ये स्पष्टीकरण घालून ती वाट बुजवली, तीही 1970 पासूनच्या पूर्वलक्षी प्रभावाने.

मग वाद उरला अंतराचा. मोजायचं रस्त्याने की नाकासमोर?

समजा, एक रान पंचगंगेच्या पलीकडे आहे. महापालिकेच्या हद्दीपासून सरळ रेषेत ते साडेपाच किलोमीटर, पण पुलावरून वळसा घालून गेलं तर नऊ. 2012 मध्ये ते विकलं असतं तर रस्त्याचं अंतर धरलं जाऊन ते आठच्या बाहेर, म्हणजे ग्रामीण ठरलं असतं आणि कर बसला नसता. 2013 च्या वित्त कायद्याने हवाई अंतर आणलं आणि लोकसंख्येप्रमाणे पट्टे पाडले: दहा हजारांवर एक लाखापर्यंत दोन किलोमीटर, दहा लाखांपर्यंत सहा, त्यापुढे आठ. कोल्हापूर शहराची 2011 ची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आत, म्हणजे सहा किलोमीटर. तेच रान, तोच ऊस, पण आता शहरी. हवाई मोजणी जुन्या व्यवहारांना लावता येत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मालतीबाई कडू प्रकरणात म्हटलं आणि केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने 2015 च्या परिपत्रकात मान्य केलं.

मोजणी महाद्वार रोडपासून किंवा स्टँडपासून करायची नाही, महापालिकेच्या हद्दीपासून करायची. इथे गफलत फार होते. इथली हद्दवाढ वर्षानुवर्षं रखडलेली. ती झाली की सहा किलोमीटरचा पट्टाही तितकाच पुढे सरकेल.

एकट्या कोल्हापूरपासून मोजूनही भागत नाही. रान कोल्हापूरच्या हद्दीपासून सात किलोमीटर, पण कागल नगरपरिषदेच्या हद्दीपासून दीडच किलोमीटर असेल, तर ते कागलमुळे शहरी. उलट पन्हाळ्याला नगरपरिषद असली तरी 2011 मध्ये वस्ती तीन हजारांच्या घरात होती. तिच्या हद्दीतलं रानसुद्धा, दुसऱ्या शहराच्या पट्ट्यात येत नसेल तर, ग्रामीणच.

अर्थात सातबाऱ्यावर पीक लागतं आणि रानात खरोखर शेती होते, हे दाखवता आलं पाहिजे. ते नसेल तर अंतर कितीही असो, उपयोग नाही.