मधलं पद: आधी काढून टाकलं, मग फोडलं

दहावीच्या गणितात वर्गसमीकरणं सोडवायच्या पद्धती एका ठरलेल्या क्रमाने येतात. आधी मधल्या पदाची फोड करून अवयव पाडायचे, मग पूर्ण वर्ग पद्धत, आणि शेवटी सूत्र. त्यामुळे बहुतेकांच्या डोक्यात एक चित्र पक्कं बसतं: अवयव ही साधी, जुनी रीत आणि सूत्र हे नंतर कुणीतरी शोधलेलं यंत्र. इतिहास मात्र नेमका उलटा आहे. सूत्रामागची रीत जवळपास चार हजार वर्षांची, आणि अवयव पाडून उत्तर काढायची रीत जेमतेम चारशे वर्षांची. कोणती पद्धत कधी लवकर सुटते, हे या उलट्या क्रमातून बरंच उलगडतं.

ब्रिटिश म्युझियममध्ये १३९०१ क्रमांकाची एक बाबिलोनी मातीची पाटी आहे, इ.स.पू. १८००च्या आसपासची. तिच्यावरचं पहिलं गणित असं: चौरसाचं क्षेत्रफळ आणि त्याची बाजू मिळवली, तर पाऊण झाले, बाजू किती? आपल्या भाषेत x² + x = ३/४. पाटी कारण सांगत नाही, नुसती कृती सांगते. एक घे, त्याचा अर्धा कर. अर्ध्याचा वर्ग पाव. तो पाऊणमध्ये मिळव, एक झाला. एकाचं वर्गमूळ एक. त्यातून मघाचा अर्धा वजा कर. बाजू अर्धी. आज आपण ज्याला पूर्ण वर्ग म्हणतो तेच हे, फक्त अक्षरांशिवाय.

भारतात हीच कल्पना ब्रह्मगुप्ताने ६२८ साली ब्राह्मस्फुटसिद्धान्तात सर्वसाधारण नियम म्हणून मांडली. वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणा, मधल्या सहगुणकाचा वर्ग मिळवा, मूळ काढा. पुढे श्रीधराचार्यांचा नियम प्रसिद्ध झाला. त्यांचा बीजगणितावरचा ग्रंथ हरवला, पण भास्कराचार्यांनी ११५०च्या आपल्या बीजगणितात त्यांचं वचन उद्धृत केलं म्हणून ते वाचलं: ‘चतुराहतवर्गसमै रूपैः पक्षद्वयं गुणयेत्’. दोन्ही बाजूंना ४a ने गुणायचं आणि मग दोन्हीकडे b² मिळवायचा. ax² + bx = −c चं होतं (२ax + b)² = b² − ४ac. उजवीकडे जे उरलं तो आपला विवेचक. सूत्र इथेच तयार झालं. वर्गमूळ घेऊन x एकटा करणं तेवढं बाकी.

या सगळ्या खटाटोपाला आपल्याकडे नाव होतं मध्यमाहरण, म्हणजे मधलं पद हरण करणं, नाहीसं करणं. मला हे नाव फार आवडतं, कारण अडचण कुठे आहे ते त्यात बरोबर सांगितलंय. x² आणि x एकत्र आले की वर्गमूळ घेता येत नाही. मधलं पद वर्गाच्या पोटात ढकललं की वाट मोकळी. शाळेत आपण त्याच मधल्या पदाची फोड करतो. एक रीत त्याला गायब करते, दुसरी त्याचे दोन तुकडे करते.

भास्कराचार्यांचं वानरांचं गणित घेऊन दोन्ही शेजारी ठेवू. कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग वनात खेळतोय आणि बारा वानर टेकडीवर आहेत, एकूण किती? कळप x धरला तर (x/८)² + १२ = x, म्हणजे x² − ६४x + ७६८ = ०. भास्कराचार्य अव्यक्ताला ‘या’ आणि त्याच्या वर्गाला ‘याव’ लिहीत (यावत्तावत् या शब्दावरून), सुट्या अंकांना ‘रू’, म्हणजे रूप. दोन पक्ष एकाखाली एक मांडायचे: एकात याव आणि या, दुसऱ्यात रूप. इथे ६४ चा अर्धा ३२, त्याचा वर्ग १०२४ दोन्ही पक्षांत मिळवला की एकीकडे (x − ३२)² आणि दुसरीकडे १०२४ − ७६८ = २५६. मुळं घेतली, x − ३२ हे १६ किंवा उणे १६. कळप ४८ चा किंवा १६ चा. दोन्ही उत्तरं त्यांनी मान्य केली. ४८ चा आठवा भाग ६, वर्ग ३६, आणि बारा मिळून ४८. १६ चा आठवा भाग २, वर्ग ४, आणि बारा मिळून १६.

आता फोड करून पाहा. गुणाकार ७६८ आणि बेरीज ६४ येईल अशी जोडी हवी. ७६८ चे अवयव मांडत बसलात तर १ आणि ७६८, २ आणि ३८४, ३ आणि २५६, ४ आणि १९२, ६ आणि १२८, ८ आणि ९६, १२ आणि ६४ अशी रांग संपवून १६ आणि ४८ शी पोचता. ज्याला पाढे तोंडपाठ आहेत तो १६ वर आधीच उडी मारेल. पण माझ्या मते या गणितात भास्कराचार्यांची रीतच जलद आहे, कारण मधला सहगुणक सम आहे आणि निम्म्याचा वर्ग सोपा आहे.

(भास्कराचार्यांचा धागा आपल्याकडे थेट जोडलेला आहे. चाळीसगावजवळ पाटणादेवीला १२०७चा शिलालेख आहे. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद त्यात आहे. मध्यमाहरण तिथेही शिकवलं गेलं असणारच.)

एवढं असूनही यांपैकी कुणी अवयव का पाडले नाहीत? कारण त्या पद्धतीला समीकरणाची एक बाजू रिकामी लागते. (x − १६)(x − ४८) = ० लिहिलं तरच ‘दोघांपैकी एक शून्य’ असं म्हणता येतं. भास्कराचार्यांच्या मांडणीत रूप नेहमी दुसऱ्या पक्षात जातं. बगदादला ८२०च्या सुमारास लिहिणाऱ्या अल्-ख्वारिझमीने तर ऋण संख्या टाळण्यासाठी समीकरणांचे सहा वेगळे प्रकार पाडले होते, आणि त्याच्या प्रसिद्ध x² + १०x = ३९ मध्ये सगळं एकीकडे आणायचा प्रश्नच नव्हता. सगळी पदं एका बाजूला घेऊन कंसांचा गुणाकार म्हणून समीकरणाकडे बघणं पद्धतशीरपणे दिसतं ते इंग्रज गणिती थॉमस हॅरियटकडे. त्याचं काम त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १६३१ मध्ये छापलं गेलं. १६३७ मध्ये देकार्तने हीच दृष्टी पुढे नेली. म्हणजे फोड सोपी असली तरी तिच्या पायाशी असलेली कल्पना उशिराची आहे.

हे न कळल्याची खूण उत्तरपत्रिकेत दिसते. (x − २)(x − ३) = २ दिलं की काही मुलं x − २ = २ आणि x − ३ = २ लिहून ४ आणि ५ सांगून मोकळी होतात. ४ योगायोगाने बरोबर निघतं, म्हणून चूक लपते. ५ घालून बघा: ३ गुणिले २ म्हणजे ६. दोन आणण्याचे मार्ग अगणित आहेत, शून्य आणायचा एकच. आधी x² − ५x + ४ = ० करावं लागतं, मग १ आणि ४.

फोड जलद का वाटते, याचंही कारण सांगतो. पुस्तकातली गणितं फोड व्हावी म्हणूनच निवडलेली असतात. x² + bx + c मध्ये b आणि c ला −१० ते १० मधल्या सगळ्या किमती देऊन (c शून्य सोडून) मी एकदा वहीत मोजलं. ४२० समीकरणांपैकी फक्त ५५ पूर्णांकांत फुटतात, शंभरात तेरा. रस्त्यात सहज भेटलेल्या समीकरणाशी फोडीचा खेळ खेळणं म्हणजे बहुतेक वेळा वेळ घालवणं.

तरी पहिले पाच-दहा सेकंद फोडीलाच द्यावेत, पण एक नजर टाकून. a, b, c तिन्ही विषम असतील तर थांबा, फोड होणारच नाही. कारण ac विषम, म्हणून जोडीतले दोन्ही आकडे विषम; दोन विषमांची बेरीज सम, आणि b तर विषम. x² − ७x + ५ = ० दिसलं की जोडी शोधायची नाही, सरळ सूत्र. विवेचक ४९ − २० = २९, मुळं (७ ± √२९)/२.

खरी अडचण होते ती a मोठा असताना. २४x² − ४१x + १२ = ० घ्या. गुणाकार २८८, बेरीज ४१. २८८ ला अवयवांच्या नऊ जोड्या आहेत आणि परीक्षेत त्या चाळत बसायला वेळ नसतो. विवेचक काढा: १६८१ − ११५२ = ५२९, म्हणजे २३ चा वर्ग. पूर्ण वर्ग आला याचा अर्थ फोड होते. सूत्राने (४१ ± २३)/४८, म्हणजे ४/३ आणि ३/८, काम संपलं. प्रश्नात ‘अवयव पद्धतीने सोडवा’ असंच म्हटलं असेल तरी जोडी हातात आहे: (४१ + २३)/२ = ३२ आणि (४१ − २३)/२ = ९. फोडीची जोडी नेहमी हीच असते, b च्या निम्म्याच्या दोन्ही बाजूंना √विवेचकाच्या निम्म्याने. पाढ्यांतून आपण जी जोडी चाचपडत शोधतो, ती श्रीधराचार्यांच्या रीतीत हिशोबाने निघते. √विवेचक पूर्णांक आला नाही, तर अशी पूर्णांक जोडी अस्तित्वातच नाही, आणि तिच्यासाठी पान भरून काही उपयोग नाही.

उलट, फोड निर्विवाद जिंकते अशीही गणितं आहेत. भास्कराचार्यांचंच दुसरं वानरांचं गणित: कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून वर्ग केला तेवढे गुहेत गेले, एक झाडावर दिसतोय. (x/५ − ३)² + १ = x, म्हणजे x² − ५५x + २५० = ०. २५० आणि ५५ बघताच ५ आणि ५० दिसतात. ५५ चा वर्ग ३०२५ करून त्यातून १००० काढत बसायची गरज नाही. मात्र इथे दोन्ही पद्धतींना जे कळत नाही ते भास्कराचार्यांनी वेगळं सांगितलं. कळप ५ चा मानला तर पाचवा भाग १, त्यातून ३ गेले की उणे २; वर्ग ४, आणि एक मिळून ५, समीकरण बरोबर जुळतं. पण गुहेत जाणाऱ्यांचा हिशोब उणे दोनपासून सुरू होतो, आणि लोकांना ऋण राशीची प्रतीती येत नाही, म्हणून ते उत्तर घ्यायचं नाही, असं ते म्हणतात. कळप ५० चा.