शब्दजाती : स्थान आणि कार्य

वाक्यात सारखे वागणाऱ्या शब्दांचा गट म्हणजे शब्दजाती. नाम, विशेषण, क्रियापद ही अशा गटांची नावे. शब्दाची जात ठरवताना आधुनिक व्याकरण त्याचा अर्थ विचारत नाही. तो वाक्यात कुठे बसतो, कोणते प्रत्यय घेतो, कोणाला सोबत घेऊन येतो आणि तिथे काय काम करतो, हे पाहते. असे का करावे लागते, आणि एवढे करूनही काही शब्द दोन गटांच्या धुऱ्यावरच, म्हणजे मधल्या बांधावरच, का उभे राहतात, हे या नोंदीत विदर्भातल्या कापूस पिकवणाऱ्या गावांच्या बोलण्यावरून पाहिले आहे.

शाळेतली व्याख्या सांगते की व्यक्ती, वस्तू, गुण यांचे नाव ते नाम आणि क्रिया दाखवणारा शब्द ते क्रियापद. आता ‘यंदा वेचणीले बाया नाही’ हे वाक्य घ्या. वेचणी ही क्रिया आहे, तीही दिवसभर वाकून करण्याची. पण वेचणी हे नाम आहे याबद्दल कोणाला शंका येत नाही. ‘उलंगवाडी’ तर याहून अवघड. शेवटचा कापूस निघून पऱ्हाटी रिकामी झाली की उलंगवाडी झाली म्हणतात. ही निव्वळ घटना आहे, हाताला लागेल अशी वस्तू कुठेच नाही, आणि तरी शब्द नामच. उलट ‘मले चहा नको’ यातल्या ‘नको’मध्ये क्रिया शोधून सापडत नाही. पण वाक्य पुरे करण्याचे काम तोच करतो. एकाला ‘जाऊ नको’ आणि आदराने किंवा अनेकांना ‘जाऊ नका’ असा तो समोरच्याप्रमाणे बदलतो. एवढ्यावरून त्याला क्रियापदांत बसवावे लागते. भूतकाळ मात्र त्याला स्वतःच्या अंगाने दाखवता येत नाही, ‘नको होता’ असा आधार घ्यावा लागतो. म्हणून तो त्या गटातला अपुरा सभासद.

खरे तर शालेय व्याख्याही पूर्णपणे अर्थाच्या नाहीत. क्रियापदाच्या व्याख्येत ‘वाक्याचा अर्थ पूर्ण करणारा’ असे शेपूट असते, ते कार्य सांगते. शब्दयोगी अव्ययाची व्याख्या ‘शब्दाला जोडून येणारे’ अशी, म्हणजे सरळ स्थानाची. एकाच यादीत तीन मापे वापरली की मोजणी जुळत नाही, हे त्या यादीचे जुने दुखणे आहे.

जुनी परंपरा

ही अडचण आजची नाही. वैदिक शब्दांची फोड करणाऱ्या यास्काच्या निरुक्त या प्राचीन ग्रंथात आख्यात, म्हणजे क्रियापद, ते भावप्रधान आणि नामे सत्त्वप्रधान, म्हणजे एकात घडणे मुख्य आणि दुसऱ्यात वस्तू मुख्य, अशी अर्थावर आधारलेली विभागणी आहे. पण यास्काला पुढचा पेच लगेच दिसला होता. ‘पचति’ आणि ‘पक्ति’ दोन्ही शिजवण्याविषयीच बोलतात. मग फरक काय? त्याचे उत्तर असे, की आधी हे मग ते अशा क्रमाने घडत जाणारी क्रिया आख्यात सांगते, आणि आरंभापासून शेवटापर्यंतची तीच क्रिया गोळा होऊन वस्तूसारखी झाली की तिला नाम मिळते. ‘बाया वेचतात’ आणि ‘वेचणी’ यांत हाच फरक आहे. उत्तर सुरेख आहे, पण त्यात एक खोट आहे. क्रिया ‘वस्तूसारखी झाली’ हे आपल्याला कशावरून कळते? शब्द नामासारखा वागतो यावरूनच.

पाणिनीने अर्थाची वाटच सोडली. ‘सुप्तिङन्तं पदम्’ (१.४.१४) या सूत्रात पदाची ओळख त्याच्या शेवटी लागणाऱ्या प्रत्ययांवरून आहे : सुप् म्हणजे नामाचे विभक्तिप्रत्यय लागले तर एक प्रकार, तिङ् म्हणजे क्रियापदाचे प्रत्यय लागले तर दुसरा. संस्कृतात विशेषणालाही नामाचेच विभक्तिप्रत्यय लागतात, म्हणून या विभागणीत विशेषणासाठी वेगळे घर लागत नाही. मराठीत लागते, ते पुढे दिसेल. वर्ग त्या त्या भाषेतच सापडतात. एकीची यादी दुसरीवर बसवली की असे सांधे उघडे पडतात.

विसाव्या शतकात अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फ्राइज यांनी हीच वाट टोकाला नेली. दूरध्वनीवरच्या ध्वनिमुद्रित संभाषणांवर आधारलेले त्यांचे इंग्रजी वाक्यरचनेचे पुस्तक १९५२ मध्ये आले. त्यांनी वाक्याच्या चौकटीत एक जागा मोकळी ठेवून तिथे कोणते शब्द बसतात ते पाहिले, आणि गटांना नाम, क्रियापद न म्हणता वर्ग १, वर्ग २ असे आकडे दिले. शुद्धतेचा हा आग्रह थोडा जास्तच म्हणायचा. गट एकदा वागणुकीवरून हाती लागले, की ज्या गटात माणसे, जनावरे, अवजारे यांची नावे गोळा झालेली दिसतात त्याला ‘नाम’ म्हणायला हरकत नसावी. गटाला नाव देताना अर्थ चालतो. एखाद्या शब्दाला गटात घेताना चालत नाही.

वेचणी, वेचणं आणि देणं

कसोट्या कशा लावतात हे एका धातूवर सविस्तर पाहू. ‘वेचणी’च्या आधी ‘पहिली’, ‘दुसरी’ अशी विशेषणे येतात. तिचे अनेकवचन होते : ‘तीन वेचण्या झाल्या’. कापसाशी तिचे नाते ‘कापसाची वेचणी’ असे षष्ठीने जोडावे लागते. ‘बायांनी कापूस वेचणी’ असे कोणी म्हणत नाही. प्रत्यय लागताना तिचे रूप ‘वेचणी-’ राहते. चारही कसोट्या एकच उत्तर देतात : नाम. ‘वेचतात’ला यातले काहीच जमत नाही. ते वाक्य संपवते आणि कर्त्याप्रमाणे बदलते, म्हणून क्रियापद. इथवर वाद नाही.

आता ‘बायांनी कापूस भराभर वेचणं सोपं नाही’. यातले ‘वेचणं’ बाहेरून नाम आहे. ते वाक्याचा कर्ता आहे आणि ‘सोपं’ हे विशेषण त्याच्याप्रमाणे नपुंसकलिंगी झाले आहे. त्याला प्रत्ययही लागतात : ‘वेचण्याला’, ‘वेचण्याचा दर’. पण आत डोकावले तर चित्र उलटे होते. ‘कापूस’ षष्ठीशिवाय, सरळ कर्म म्हणून आला आहे. सोबत ‘भराभर’ हे क्रियाविशेषण आहे. नकारासाठी ‘न वेचणं’ चालते, ‘न वेचणी’ मात्र चालत नाही. अनेकवचन नाही, ‘पहिलं वेचणं, दुसरं वेचणं’ अशी मोजणीही सहसा नाही. म्हणजे आतल्या शब्दांशी ते क्रियापदासारखे वागते आणि बाहेरच्या वाक्याशी नामासारखे. परंपरेने अशा रूपांना ‘धातुसाधित’ म्हटले, ते नेमके आहे. मात्र धातुसाधित नाम म्हणून त्याला ‘वेचणी’च्या शेजारी बसवले की वर दिसलेला सगळा फरक पुसला जातो.

याच साच्यातला ‘देणं’ हा शब्द आणखी पुढे गेला आहे. ‘सावकाराला वेळेवर पैसे देणं’ यात तो ‘वेचणं’सारखाच दोन्हीकडचा. पण ‘सावकाराचं जुनं देणं’ यात षष्ठी आली, विशेषण आले, आणि ‘देणी फिटली नाहीत’ म्हणताना अनेकवचनही आले. रूप एक, अर्थाचा धागाही तुटलेला नाही, पण जाती दोन झाल्या. शंका आली तर ‘न’ लावून पाहावे. ‘पैसे न देणं’ चालते; कर्ज या अर्थाच्या ‘देणं’ला ‘न’ लागतच नाही.

काळी

रंगाचा शब्द विशेषण, असे समजले तर जुन्या गावगाड्यातले ‘काळी’ आणि ‘पांढरी’ अडवतात. काळी म्हणजे कसायची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. मराठी विशेषणाला स्वतः विभक्तिप्रत्यय लागत नाही. पुढच्या नामाला लागला की विशेषण फक्त वाकते : ‘काळ्या मातीत’. जमीन या अर्थाची काळी मात्र वाकत नाही, ‘काळीत’ असा प्रत्यय थेट घेते. शिवाय ‘गावची सगळी काळी’ अशी स्वतःची विशेषणे बाळगते. मातीला ‘लय काळी’ म्हणता येते. जमीन या अर्थाच्या काळीला ‘लय’ लागत नाही. हे पक्के नाम झाले.

धुऱ्यावरचा प्रकार गोठ्यात सापडतो. ‘काळीले ढेप टाक, भुरीले नको टाकू’. इथे ‘काळी’ने प्रत्यय थेट घेतला, म्हणजे रूप नामाचे. पण ‘सगळ्यात काळीले ढेप टाक’ असेही म्हणता येते, आणि ‘सगळ्यात’ हे तुलनेचे ओझे विशेषणच उचलते. दोन कसोट्यांनी दोन उत्तरे दिली. ‘म्हैस’ शब्द गाळला आहे, म्हणून हे विशेषणच, असा एक पक्ष आहे. गाळलेल्या नामाचा प्रत्यय विशेषणावर कसा आला, हे त्या पक्षाला वेगळे समजावून सांगावे लागते. नाम म्हणणाऱ्यांना ‘सगळ्यात’ अडचणीत आणते. विशेषणाचा नामासारखा उपयोग हे शाळेतले उत्तर दोघांनाही सोयीचे आहे, कारण त्याने काहीच ठरत नाही.

सुरू आणि चालू

अर्थ अगदी जवळचा असून वागणूक वेगळी, याचा हा छोटा नमुना. ‘वेचणी सुरू आहे’ आणि ‘वेचणी चालू आहे’ दोन्ही बरोबर. पण ‘चालू हंगाम’ म्हणतात तसे ‘सुरू हंगाम’ म्हटले तर कानाला खटकते. ‘सुरू असलेला हंगाम’ करावे लागते. ‘सुरू’ला असणे, होणे, करणे यांचा शेजार लागतो, नामाच्या आधीची जागा त्याला मिळत नाही. विशेषणाच्या दोन जागांपैकी एकच मिळालेला शब्द विशेषण मानायचा का, हा प्रश्न व्याख्येतल्या ‘किती कसोट्या पुरे’ या मोकळ्या जागेत जाऊन पडतो.

येऊन राहिला

विदर्भात ‘पाऊस येऊन राहिला’ म्हणजे आत्ता पाऊस येतो आहे. बाहेरचा मराठी माणूस पहिल्यांदा ऐकताना ‘राहिला’चा मुक्काम हा अर्थ लावतो आणि गोंधळतो. गंमत अशी की ‘पाहुणा येऊन राहिला’ या वाक्याला वऱ्हाडातही दोन वाटा आहेत : पाहुणा येत आहे, किंवा पाहुणा आला आणि मुक्कामाला राहिला. उच्चार तोच, प्रत्यय तेच. फरक जागेच्या कसोटीने उघडतो. ‘पाहुणा येऊन चार दिवस राहिला’ असे मध्ये काही घातले की फक्त मुक्कामाचा अर्थ उरतो. चालू क्रिया सांगणारा ‘राहिला’ असा काळाचा शब्द मध्ये येऊ देत नाही. नकार तेवढा येऊ देतो, ‘पाऊस येऊन नाही राहिला’. आणखी एक पुरावा म्हणजे ‘तो नागपुरात राहून राहिला’. मुक्काम पहिल्या शब्दाने सांगितला, दुसरा केवळ क्रिया चालू असल्याचे सांगतो. दोन्ही एकाच अर्थाचे असते तर शेजारी बसले नसते.

मग हा दुसरा ‘राहिला’ क्रियापद आहे का? ‘बाई कापूस वेचून राहिली’, ‘बाया वेचून राहिल्या’ असा तो लिंगवचनाप्रमाणे बदलतो, म्हणून रूपाने क्रियापद. पण स्वतःचा कर्ता तो निवडत नाही. बाई, पाऊस, मोटर, जे मुख्य धातूला चालेल ते त्याला चालते. एकटा उभा राहिला की हा अर्थ सोडून देतो. रूप भूतकाळाचे असून तो वर्तमान सांगतो, आणि भूतकाळासाठी ‘वेचून राहिली होती’ असा आणखी एक आधार घेतो. म्हणून त्याला क्रियापदांच्या आतच, पण सहाय्यकांच्या वेगळ्या पोटगटात ठेवतात.