घरपोच लाँड्री (मुंबई)

घरपोच लाँड्री म्हणजे घरातून मळके कपडे उचलायचे, धुऊन इस्त्री करून परत दारात आणून द्यायचे, एवढंच. मुंबईत हे ॲपवाल्यांनी शोधून काढलेलं नाही, परीट-धोबी पाठीवर बोचकं टाकून बिल्डिंग-बिल्डिंग फिरायचे तेही पिकअप आणि डिलिव्हरीच होतं. महालक्ष्मी स्टेशनजवळच्या पुलावरून जो धोबीघाट दिसतो तो १८९०च्या सुमाराचा, आणि तिथे चिमटे न लावता पिळाच्या दोरीत कपड्याचं टोक अडकवून वाळवतात ते आजही बघायला मिळतं.

या धंद्यात कपडा धुणं त्यामानाने सोपं, शंभर घरांचे पांढरे शर्ट एकत्र झाल्यावर तुमचा शर्ट तुमच्याच घरी जाणं हे खरं अवघड. त्यासाठी जुना उपाय म्हणजे बिब्बा. बिब्ब्याच्या रसाने कॉलरच्या आत किंवा कडेला बारीक खूण करायची, वर चुना लावला की ती काळी पडते आणि मग कितीही आपटा, जात नाही (कातडीला लागला तर मात्र पुरळ उठतं, काहींना तर अशा खुणेच्या शर्टानेही मानेवर खाज सुटायची). आता त्या जागी पाण्यात न विरघळणारी टॅगची पट्टी असते, तिच्यावर ग्राहकाचा नंबर आणि नगांचा आकडा. समजा ३४२ / ११ लिहिलंय, तर घर नंबर ३४२ आणि त्या घरचे एकूण ११ नग, म्हणजे इस्त्री झाल्यावर गठ्ठा बांधताना ११ जमले नाहीत तर तो गठ्ठा बाजूला ठेवायचा. मोजे-रुमालांना टॅग कोण लावणार, म्हणून ते जाळीच्या पिशवीत घालून पिशवीलाच टॅग लावतात. जिथे ही जाळी नसते तिथे एक मोजा हमखास गायब.

रेट दोन प्रकारचे, नगावर किंवा किलोवर. किलोचा हिशोब असा, ६ शर्ट साधारण दीड किलो, २ जीन्स सव्वा किलो, डबल बेडशीट पाऊण किलो आणि २ टॉवेल एक किलो, झाले साडेचार. आता पावसाळ्यात टॉवेल दमट असतानाच पिशवीत कोंबले तर पाण्याचंही वजन भरतं आणि पैसे पाण्याचेही जातात, शिवाय दमट टॉवेलाखाली दाबलेला कॉटनचा शर्ट दोन दिवसांत बुरशीचे काळे ठिपके घेऊन येतो. किलोच्या रेटमध्ये काही जण फक्त वजन लिहितात, नग मोजतच नाहीत, तिथे पिशवी देण्याआधी आपणच मोजून फोटो काढून ठेवलेला बरा.

पण सगळ्यात जास्त भांडणं डागांवरून होतात आणि त्यातले अर्धे डाग पिकअपच्या वेळी दिसतच नाहीत. शहाळ्याचं पाणी, लिंबू सरबत, कोल्ड्रिंक हे सांडून वाळलं की कापड स्वच्छ दिसतं, पण साखर आणि रस आतच राहतात आणि गरम इस्त्री फिरली की तपकिरी होऊन वर येतात. माझा पांढरा कुर्ता असाच छातीवर पिवळा-तपकिरी होऊन परत आला, मी इस्त्रीवाल्याला वाटेल ते बोललो, आणि मग आठवलं की रविवारी गाडीवर शहाळं पिताना धार अंगावर आली होती. देताना नुसतं “इथे शहाळं सांडलंय” म्हटलं असतं तर धुण्याआधी तेवढी जागा गार पाण्यात भिजवून डाग बहुतेक निघाला असता. एकदा गरम इस्त्री बसली की तो पक्का होतो, मग निघेलच याची खात्री कोणी देत नाही.

रंगाचंही तसंच. नवा लाल किंवा निळा कॉटन कुर्ता ढिगात टाकण्याआधी त्याच्या आतल्या शिवणीवर ओला पांढरा रुमाल घासतात, रुमाल रंगला तर तो कपडा वेगळा धुवायचा. चुकून लागलाच रंग, तर कपडा ओला असतानाच परत धुवावा लागतो, ड्रायरमध्ये किंवा इस्त्रीखाली गेला की संपलं.

परत आलेला गठ्ठा दारातच उघडून नग मोजावेत, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तर कॉलर, खिशाचं अस्तर आणि जीन्सचा कमरपट्टा हाताने दाबून बघावा. वरून कडक इस्त्री असली तरी या जाड जागा आतून ओल्या राहतात आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटात गेल्या की दुसऱ्या दिवशी सगळ्या कपाटाला कुबट वास मारतो. थंडगार लागलं तर प्लास्टिक काढून रात्रभर पंख्याखाली टाकायचं.