पितळी व्हॉल्व्हजवळ पाइप का गंजतो? वर्गासाठी एक प्रश्न

लातूर-बीडकडे बोअरच्या जीआय पाइपला पितळी व्हॉल्व्ह लावला की गंज आधी जोडाजवळच्या आट्यांवर दिसतो. आटे पाडताना जस्ताचा थर निघून जातो आणि लोखंड उघडे पडते. बारावीच्या वर्गाला यावर असा प्रश्न द्यावा: 'लोखंडाचे प्रमाण विभव −०.४४ व्होल्ट, तांब्याचे +०.३४ व्होल्ट. पितळ तांब्यासारखे वागते असे धरा. लोखंड विरघळत असताना पितळेवर काय घडते?'

मुले ०.७८ व्होल्ट काढतात आणि 'तांब्याचे आयन तांबे होऊन बसतात' असे लिहितात. वजाबाकी बरोबर आहे, पण ती दुसऱ्याच घटाची. बोअरच्या पाण्यात तांब्याचे आयन जवळपास नसतातच. इलेक्ट्रॉन घेतो तो पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन:

O₂ + 2H₂O + 4e⁻ → 4OH⁻

उदासीन पाण्यात याचे विभव साधारण +०.८ व्होल्ट असते. पितळ फक्त इलेक्ट्रॉन ऑक्सिजनपर्यंत पोचवते. हे कळले का, ते पुढच्या प्रश्नातून दिसते: 'पाणी उकळून, झाकून गार केले आणि वर तेलाचा थर दिला तर?' ०.७८ धरून बसलेला विद्यार्थी 'काही फरक नाही' म्हणेल. खरे तर गंजणे जवळजवळ थांबते.

ताटलीत हे डोळ्यांनी दिसते. १०० मिली पाण्यात १ ग्रॅम अगर उकळून विरघळवा. त्यात २ ग्रॅम मीठ, फिनॉल्फ्थॅलीनचे १० थेंब आणि पोटॅशियम फेरीसायनाइडच्या सौम्य द्रावणाचे १ मिली घाला. एका खिळ्याला मध्यभागी तांब्याची तार घट्ट गुंडाळा, दुसऱ्याला जस्ताची पट्टी, आणि कोमट द्रावण वर ओता. काही तासांत पहिल्या खिळ्याच्या टोकांना निळा रंग येतो, म्हणजे तिथे लोखंड विरघळते आहे. तारेभोवती गुलाबी येतो, म्हणजे तिथे OH⁻ तयार होतात. जस्ताच्या खिळ्यावर निळा येत नाही, गुलाबी मात्र येतो. फेरीसायनाइडजवळ आम्ल कधीही नेऊ नका, विषारी वायू सुटू शकतो.

तारेभोवती गुलाबी आला नाही तर आधी तार तपासा. मोटारीच्या वाइंडिंगची तार असेल तर तिच्यावर वार्निशचा थर असतो, तो पॉलिश पेपरने घासून काढावा लागतो. खिळा गॅल्व्हनाइज्ड असेल तर तोही चालणार नाही.

शेवटचा प्रश्न सर्वांत कठीण: 'मोठ्या पितळी पत्र्यात लोखंडी बोल्ट किंवा मोठ्या लोखंडी पत्र्यात पितळी बोल्ट. विभव तेच, मग धोका कुठे जास्त?' पहिल्या जोडणीत. मोठ्या पितळी पृष्ठभागावर भरपूर ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेतो आणि ते सगळे इवल्याशा बोल्टमधून येतात, म्हणून बोल्ट लवकर झिजतो. दुसऱ्या जोडणीत तेच क्षरण मोठ्या पत्र्यावर विभागले जाते. मात्र पाणी कमी क्षारांचे असेल तर प्रवाह लांब पोचत नाही आणि पत्रा बोल्टच्या कडेलाच खाल्ला जातो.