बर्नआउट : पीककर्ज शाखेतील पूर्वखुणा आणि मर्यादांची फेरबांधणी

बर्नआउट म्हणजे कामाचा ताण दीर्घकाळ न निवळल्याने येणारी अवस्था. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये तिचे वर्णन केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात तिची नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित घटना म्हणून आहे. तिची तीन अंगे सांगितली जातात : शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही जाणीव.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या खानदेशी जिल्ह्यांतील बँक शाखांमध्ये ताणाला हंगाम असतो. ३१ मार्चपर्यंत जुन्या पीककर्जाची वसुली आणि वर्षअखेर. ती संपते न संपते तोच एप्रिलपासून खरिपाचे नवे कर्जवाटप. कपाशीच्या लागवडीआधी पैसा हाती हवा, म्हणून शेतकऱ्याची घाई खरी असते आणि उद्दिष्टासाठी वरून येणारा तगादाही थांबत नाही.

रावेर-यावल भागातील एका शाखेतल्या कृषी अधिकाऱ्याचे कल्पित उदाहरण घेऊ. पहिली खूण थकवा ही नसते. थकवा सगळ्यांनाच येतो. रविवारची सुटी घेऊनही सोमवारी ताजेतवाने वाटत नाही, शनिवारी दुपारीही डोक्यात प्रलंबित फायली फिरत राहतात, ही पहिली खूण. दुसरी बोलण्यात उमटते. एरवी सातबारा हातात घेऊन शेतकऱ्याशी केळीच्या भावावर चार शब्द बोलणारा हा माणूस ‘भाऊ, मन्हं काम व्हयनं का?’ या प्रश्नावर मान वर न करता ‘उद्या या’ म्हणू लागतो. कर्जदार त्याला माणूस न वाटता ‘केस’ वाटतो. हा बदल स्वतःच्या आधी शाखेतल्या शिपायाला किंवा घरच्यांना दिसतो, म्हणून त्यांना विचारणे प्रश्नावलीपेक्षा उपयोगी पडते. तिसरी खूण म्हणजे तपासलेली फाइल पुन्हा तपासणे, तरीही गट क्रमांक चुकणे, आणि त्या चुका झाकण्यासाठी आणखी उशिरापर्यंत थांबणे.

येथे एक स्थानिक घोटाळा होतो. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, रात्रीही घर तापलेले असते आणि झोप मोडते. त्यातून आलेली चिडचिड पावसाबरोबर ओसरली, तर तिला बर्नआउट म्हणू नये. रक्तक्षय, थायरॉइड किंवा बी-१२ची कमतरताही असाच थकवा देते. साधी रक्ततपासणी आधी करावी.

मर्यादा एकदम सगळ्या आखल्या की आठवड्यात मोडतात. आधी दोन आठवडे फक्त टिपण ठेवावे : घरी गेल्यावर कामाचा फोन कोणाचा आला, आणि तो सकाळपर्यंत थांबू शकला असता का. असे टिपण ठेवल्यावर बहुधा मोजकीच माणसे आणि एखादा व्हॉट्सॲप गट पुढे येतो. मग एकच मर्यादा घ्यावी, उदाहरणार्थ रात्री आठनंतर कर्जदारांचे फोन न घेणे. त्याची भरपाई दिवसात करावी लागते : ‘सकाळी दहा ते अकरा फोनवर भेटेन’ असे सर्वांना सांगितले आणि खरोखर फोन उचलला, तरच रात्रीचे फोन कमी होतात. पहिल्या आठवड्यात कुरकुर होणारच. गावात कर्जदार मामाचा शेजारी निघतो आणि थेट ओट्यावर येऊन बसतो. त्याला चहा द्यावा, फाइलचे बोलणे शाखेत.

ही सवय टिकली की पुढची पायरी व्यवस्थापकाशी बोलण्याची. ‘जमणार नाही’पेक्षा ‘साहेब, आज वसुलीची यादी पूर्ण करू की नवी चाळीस प्रकरणे? दोन्ही संध्याकाळपर्यंत होणार नाहीत’ असा प्रश्न चालतो, कारण त्यात निवड वरिष्ठाला करावी लागते. हे तोंडी ठरले तरी दोन ओळींच्या ई-मेलमध्ये लिहून ठेवावे.

सुटी शेवटी येते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार संवेदनशील पदांवरील कर्मचाऱ्यांना वर्षातून सलग किमान १० कामकाजाचे दिवस अचानक रजेवर पाठवावे लागते आणि त्या काळात त्यांना कामाच्या प्रणाली वापरता येत नाहीत. नियम गैरव्यवहार उघडकीस यावेत म्हणून आहे, विश्रांतीसाठी नव्हे. पण कामापासून पूर्ण तुटण्याची अशी सोय बँकेत दुसरी क्वचितच मिळते.

शाखेत तिघांचे काम एकाकडे असेल, तर वैयक्तिक मर्यादांनी फरक थोडाच पडतो. तेथे रिक्त पदाची लेखी मागणी हाच उपाय. आणि रजेतही मन कशातच रमत नसेल, घरच्या सणातही आनंद वाटत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकते. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येते.