प्रबंधात ओपन अॅक्सेस आकृती वापरताना : कोणता कागद लागतो, कोणता नाही

प्रबंध जमा करताना दुसऱ्याच्या आकृतीसाठी प्रकाशकाचं परवानगीपत्र मागितलं जातं. लेख CC BY 4.0 या, श्रेय देऊन वापरायची मुभा देणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली असेल तर असं पत्र नसतंच, कारण तो परवाना हीच परवानगी. प्रकाशकाला मेल करून आठवडे घालवू नका. लेखात परवान्याचा जो परिच्छेद असतो, त्या पानाची प्रिंट फाइलला लावा आणि ‘पत्र कुठंय?’ विचारणाऱ्याला त्या ओळींवर बोट ठेवून दाखवा.

पण परवाना खरंच आहे ना, हे आधी बघा. लेख फुकट वाचता आला म्हणजे तो खुला झाला असं नाही. PubMed Central या वैद्यकीय लेखांच्या फुकट संग्रहावरच्या कितीतरी लेखांचे हक्क राखीवच असतात.

सगळ्यात जास्त गफलत होते ती आकृतीखालच्या बारीक अक्षरांत. रिव्ह्यू लेख CC BY असतो, पण एखाद्या आकृतीखाली शेवटी ‘अमक्याच्या परवानगीने’ असं इंग्रजीत लिहिलेलं असतं. ती परवानगी त्या लेखकांनी आपल्या लेखापुरती मिळवलेली असते, लेखाचा परवाना तिथं लागू होत नाही. मग मूळ लेख शोधायचा आणि त्याचा परवाना तपासायचा. तो बंद असेल तर मात्र पत्र लागतंच. नाहीतर त्यातले आकडे घेऊन आलेख स्वतः वेगळा काढा. नुसत्या आकड्यांवर कॉपीराइट नसतो, पण संदर्भ तरीही द्यायचाच.

आता श्रेयाची ओळ. समजा, CC BY लेखातल्या तीन भागांच्या आकृती ३ मधला फक्त दुसरा भाग घेतला आणि अक्षांची नावं मराठीत केली. ‘सौजन्य : इंटरनेट’ किंवा नुसतं आडनाव आणि वर्ष पुरत नाही. आकृतीखाली असं लिहा :

```
स्रोत : [लेखक], [वर्ष], "[लेखाचं शीर्षक]", आकृती ३.
https://doi.org/[क्रमांक]
परवाना : CC BY 4.0
https://creativecommons.org/licenses/by/4.0/
बदल : फक्त दुसरा भाग घेतला; अक्षांची नावं मराठीत केली.
```

गळते ती बहुधा शेवटची ओळ, आणि परवान्यात बदल सांगणं सक्तीचं आहे. परवान्यात ND, म्हणजे बदलांना मनाई, असेल तर हे मराठीकरण करून प्रसिद्ध करताच येणार नाही; आकृती जशीच्या तशी, पूर्ण घ्यावी लागेल. NC, म्हणजे व्यापारी वापराला मनाई, असेल तर प्रबंधाला सहसा अडचण नाही, पण पुढे त्याचं विक्रीचं पुस्तक करताना ती आकृती पुन्हा तपासा.

प्रबंध पुढे शोधगंगेवर जातो आणि तिथल्या पानावर CC BY-NC-SA 4.0 हा परवाना दिसतो. तुमची उसनी आकृती त्यामुळे त्या परवान्याखाली जात नाही, म्हणून तिचा परवाना तिच्याच खाली हवा. तो प्रस्तावनेत एकदा लिहून भागत नाही.

मजकुराचं गणित वेगळं. CC BY मुळे परिच्छेद उचलण्याची कायदेशीर मुभा मिळते, पण तो अवतरणचिन्हांशिवाय आपला म्हणून घातला तर ते वाङ्मयचौर्यच. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत इतरांच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. योग्य श्रेय दिलेली अवतरणं त्या मोजणीतून वगळायची असतात, तेव्हा साम्याचा अहवाल काढणाऱ्याने ती वगळली आहेत का, ते बघून घ्या.